‘प्राइस प्लीज’ म्हणणारे सगळेच गिऱ्हाईक नसतात
मुरादाबादच्या पितळ कारखानदारांना सोशल मीडियाने परदेशाचे दार उघडून दिले, पण दारात उभा असलेला कोण आहे हे ओळखायचे कसे?

गेल्या दिवाळीच्या सुटीत आम्ही मुरादाबादला होतो. आमच्या खालांचे जावई तिथले. त्यांच्या घरात तिसरी पिढी पितळेच्या कामात आहे. उत्तर प्रदेशातल्या या शहराला लोक पीतलनगरी म्हणतात. मेणबत्तीचे स्टँड, कंदील, फुलदाण्या, तबके असा माल इथून वर्षानुवर्षे अमेरिका, युरोप आणि आखातात जातो. ढलाई करणारे, छिलाई करणारे, नक्काशीचे उस्ताद आणि पॉलिशवाले मिळून हजारो कुटुंबे या कामावर जगतात आणि त्यांतली पुष्कळ आपल्या समाजाची आहेत.

एरवी सणासुदीच्या आधीचे महिने म्हणजे कारखान्यात पाय ठेवायला जागा नसायची. या खेपेला दोन भट्ट्या थंड होत्या. कारण सगळ्यांना ठाऊक आहे. अमेरिकेने भारतीय मालावर 7 ऑगस्ट 2025 पासून 25 टक्के जादा आयातकर लावला आणि 27 ऑगस्टपासून तो 50 टक्क्यांवर नेला. त्यातच 29 ऑगस्टपासून 800 डॉलरपर्यंतच्या छोट्या पार्सलांना मिळणारी करमाफीही बंद झाली. भारतीय टपाल खात्याला अमेरिकेची सेवा काही आठवडे थांबवावी लागली. ती 15 ऑक्टोबरला पुन्हा सुरू झाली, पण कर आधी भरण्याच्या अटीवर. दरांत पुढे बदल होत राहिले, तरी त्या ऑगस्टने एक धडा दिला. एकाच देशाच्या दोन-तीन मोठ्या गिऱ्हाइकांवर कारखाना चालवणे धोक्याचे आहे.

मग नवे गिऱ्हाईक शोधायचे कुठे? दिल्लीजवळ ग्रेटर नोएडात हस्तकला निर्यात प्रोत्साहन परिषदेचा मेळा वर्षातून दोनदा भरतो. तिथे स्टॉल लावणे प्रत्येक छोट्या कारखानदाराला झेपत नाही. म्हणून घरोघरची शिकलेली मुले-मुली फोन हातात घेऊन बसली आहेत. इन्स्टाग्रामवर मालाचे फोटो, पिंटरेस्टवर डिझाइन, लिंक्डइनवर परदेशी दुकानांच्या खरेदी अधिकाऱ्यांचा शोध आणि शेवटी बोलणे व्हॉट्सअ‍ॅपवर. आमच्या नातेवाइकांकडे हे काम त्यांची बी.कॉम. झालेली मुलगी बघते.

चाळीस निरोपांची वही

मुलगी हुशार. आलेला प्रत्येक निरोप ती वहीत उतरवते. तिने आम्हाला एका महिन्याचे पान दाखवले. एकूण निरोप चाळीस. त्यांतल्या सव्वीस जणांनी फक्त ‘प्राइस प्लीज’ लिहिले होते आणि उत्तर मिळाल्यावर गप्प झाले होते. सात जणांना फुकट नमुने हवे होते. चार जणांचा हेतूच खोटा होता. खरे गिऱ्हाईक निघाले तीन.

जावई म्हणाले, “मास्टरसाहेब, पहिल्या वर्षी आम्ही चाळीसच्या चाळीस जणांच्या मागे धावलो. कारागीर नमुने बनवत बसले आणि हातात काही आले नाही.”

चर्चा बहुधा फॉलोअर वाढवण्याची होते, पण खरी अडचण या वाक्यात आहे. फुकट नमुना नावापुरताच फुकट असतो. त्यात उस्तादाचा दिवस जातो, धातू जातो आणि कुरिअरचे पैसे जातात. कुरिअरवाले नुसते वजन बघत नाहीत, खोक्याचा आकारही मोजतात. लांबी, रुंदी आणि उंची सेंटीमीटरमध्ये गुणून बहुतेक जण 5000 ने भागतात आणि जो आकडा मोठा त्यावर पैसे घेतात. 600 ग्रॅमचा स्टँड नीट गुंडाळून 30 बाय 20 बाय 20 च्या खोक्यात ठेवला, की हिशेब 2.4 किलोचा होतो. असे सात नमुने फुकट पाठवले तर महिन्याची मजुरी हवेत गेली म्हणून समजा.

म्हणून फॉलोअर किती हा प्रश्न दुय्यम आहे. आलेल्या चाळिसांतून ते तीन किती लवकर आणि किती कमी खर्चात वेगळे काढता येतात, त्यावर नफा-नुकसान ठरते.

खरा ग्राहक काय विचारतो

आता त्या तिघांतल्या एकीची गोष्ट. ऑस्ट्रेलियातील मेलबर्नच्या एका बाई. त्या तिथल्या भेटवस्तूंच्या दुकानांना घाऊक माल पुरवतात. इन्स्टाग्रामवर मेणबत्तीच्या स्टँडचा फोटो बघून त्यांनी लिहिले. निरोप जेमतेम चार ओळींचा होता. फोटोतला हाच स्टँड पाचशे नग हवा, फेब्रुवारीअखेर माल मेलबर्नला पोहोचेल का, तळाला फेल्ट लावता येईल का आणि पॅकिंगमध्ये लाकूड किंवा गवत वापरता का?

हा शेवटचा प्रश्न वाचून जावयांचे कान टवकारले. ऑस्ट्रेलियात बाहेरून कीड येऊ नये म्हणून लाकडी पॅकिंगचे नियम कडक आहेत आणि गवत-पेंढा चालतच नाही. ज्याने कधी तिथे माल उतरवून घेतला आहे, त्यालाच हा प्रश्न सुचतो. खरा ग्राहक असाच ओळखू येतो. त्याचे प्रश्न माल हातात आल्यानंतरच्या अडचणींचे असतात. तो तारीख, पॅकिंग, लेबल, करासाठीचा एचएस कोड विचारतो. नुसता भाव विचारणाऱ्याला अजून काही घ्यायचेच नसते, किंवा तो आपलाच शेजारी असतो, दुसऱ्या नावाने भाव काढणारा!

मुलीने उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी दिले. तिने लगेच भाव सांगितला नाही आणि टाळाटाळही केली नाही. “साधारण नऊ ते अकरा डॉलर, नग आणि पॅकिंगवर अवलंबून,” असे लिहून तिने पाच प्रश्न विचारले. कंपनीचे नाव आणि वेबसाइट काय? माल कोणत्या बंदरावर हवा? पहिल्या खेपेला किती नग? कधीपर्यंत? याआधी भारतातून माल मागवला आहे का?

हे पाच प्रश्न म्हणजे चाळणी आहे. अंदाजे भाव दिल्यामुळे खरा ग्राहक नाराज होत नाही. प्रश्न विचारल्यामुळे रिकामटेकडा आपोआप गळतो. त्या सव्वीस जणांपैकी एकानेही या प्रश्नांची उत्तरे दिली नव्हती. मेलबर्नच्या बाईंनी त्याच दिवशी पाचही उत्तरे पाठवली आणि सोबत आपला एबीएन, म्हणजे ऑस्ट्रेलियातील व्यवसाय क्रमांक दिला.

हा क्रमांक तिथल्या सरकारच्या वेबसाइटवर कोणालाही फुकट तपासता येतो. ब्रिटनच्या कंपन्यांची नोंद Companies House च्या वेबसाइटवर दिसते आणि युरोपीय संघातल्या व्यापाऱ्याचा व्हॅट क्रमांक VIES वर तपासता येतो. मुलीने बघितले, तर नाव, राज्य आणि व्यवसाय सुरू झाल्याची तारीख जुळत होती. तरी तिथेच थांबून चालत नाही, कारण खऱ्या कंपनीचे नाव खोटा माणूसही वापरू शकतो. म्हणून कंपनीच्या वेबसाइटवर दिलेल्या ई-मेल पत्त्यावरच पुढचे कागद पाठवायचे आणि एकदा व्हिडिओ कॉल करायचा. बाईंनी कॉलवर आपले गोदाम दाखवले, जावयांनी भट्टी दाखवली. दोन्हीकडचा संशय फिटला.

नमुना, भाव आणि आगाऊ रक्कम

नमुन्याचा नियम या घरात आता पक्का आहे. नगाची दुप्पट किंमत आणि कुरिअरचा खर्च आधी घ्यायचा, पहिली ऑर्डर आली की नमुन्याची किंमत त्यातून वजा करायची. खरा व्यापारी यावर वाद घालत नाही. बाईंनी दोन नमुन्यांचे पैसे भरले, माल बघितला आणि दोन दोष कळवले. एक स्टँड टेबलावर किंचित डुगडुगत होता आणि दुसऱ्याच्या गळ्यापाशी लॅकरखाली काळसर डाग होता. जावई या तक्रारीवर खूश झाले. त्यांच्या मते जो दोष काढतो तोच माल घेतो. डुगडुगणे छिलाईत दुरुस्त झाले. डाग पडला होता तो पॉलिशनंतर बोटे लागल्यामुळे. तेव्हापासून लॅकर मारणारे हातमोजे घालूनच नग उचलतात.

आता भावाचा हिशेब बघा. वाचकांना समजावा म्हणून आकडे गोल करून देतो. एका नगाला वितळण्यातली घट धरून 650 ग्रॅम पितळ लागते. भाव किलोला 600 रुपये धरला तर धातू 390 रुपयांचा. ढलाई, छिलाई, पॉलिश आणि लॅकरची मजुरी 220. पॅकिंग 70. बंदरापर्यंतची वाहतूक आणि कागदपत्रे 60. वीज-भाडे वगैरे 30. नफा 80. एकूण 850 रुपये. डॉलर 85 रुपये धरला तर नगाला दहा डॉलर आणि पाचशे नगांचे पाच हजार डॉलर.

या हिशेबात दोन खड्डे आहेत. सोशल मीडियावरून नव्याने निर्यातीत उतरणारे नेमके त्यांतच पडतात.

पहिला खड्डा धातूच्या भावाचा. पितळ दहा टक्क्यांनी महागले तर नगामागे 39 रुपये जातात. नफा होता 80, म्हणजे जवळजवळ निम्मा गेला. इन्स्टाग्रामच्या कमेंटमध्ये दहा डॉलर लिहून ठेवले आणि ग्राहक तीन महिन्यांनी तीच कमेंट दाखवू लागला, तर काय बोलणार? म्हणून पक्का भाव जाहीर लिहू नये. तो प्रोफॉर्मा इन्व्हॉइसवर, म्हणजे कच्च्या बिलावर द्यावा आणि त्यावर “हा भाव 15 दिवसांपुरता” असे लिहावे. भाव कुठपर्यंतचा आहे तेही लिहावे. ‘एफओबी मुंद्रा’ म्हटले की मुंद्रा बंदरात जहाजावर माल चढेपर्यंतचा खर्च आपला, पुढचे भाडे, विमा आणि तिथला कर ग्राहकाचा. हे न लिहिता नुसते दहा डॉलर म्हटले, तर ग्राहक ते घरपोच समजतो आणि भांडण सुरू होते.

दुसरा खड्डा आगाऊ रकमेचा. बाजारात 30 टक्के आगाऊ घ्यायची पद्धत सर्रास आहे. पाच हजार डॉलरचे 30 टक्के म्हणजे 1,27,500 रुपये. पण पाचशे नगांचा धातूच 1,95,000 रुपयांचा आहे! म्हणजे कारखानदार पहिल्याच दिवसापासून स्वतःचे पैसे घालतो आणि मधेच ग्राहक गप्प झाला, तर कारागिरांची मजुरी थकते. निम्मी रक्कम घेतली तर 2,12,500 रुपये हातात येतात आणि धातू त्यात बसतो. नव्या ग्राहकाकडून आगाऊ रक्कम निदान धातूच्या खर्चाइतकी घ्यावी, हा या धंद्याचा साधा नियम आहे. मेलबर्नच्या बाईंनी निम्मी रक्कम आधी दिली. उरलेली निम्मी माल जहाजावर चढल्यावर, बिल ऑफ लेडिंगची प्रत बघून द्यायचे ठरले. मूळ बिल तोवर आपल्या हातात असते आणि त्याशिवाय माल सुटत नाही.

ऑस्ट्रेलियाची बाजू आणखी एका कारणाने जमेची होती. भारत-ऑस्ट्रेलिया व्यापार करार 29 डिसेंबर 2022 पासून लागू आहे आणि त्यामुळे आपल्या मालाला आयातकरात सवलत मिळते. मात्र त्यासाठी माल भारतातच बनल्याचा दाखला, सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन, काढावा लागतो. संयुक्त अरब अमिरातीशी असा करार 1 मे 2022 पासून आहे. ज्या देशात करार आहे तिथल्या दुकानदारांना लिंक्डइनवर शोधणे आणि पहिल्याच निरोपात ही सवलत सांगणे, याला आम्ही शहाणपणाची जाहिरात म्हणतो.

ते चार खोटे

आता वहीतले चार खोटे. एकाने माल नीट न बघता, घासाघीस न करता दहा हजार नग मागितले आणि लगेच बँक खात्याचा तपशील विचारला. दुसऱ्याने आफ्रिकेतील एका सरकारी खरेदीचे आमिष दाखवून आधी ‘नोंदणी शुल्क’ भरायला सांगितले. तिसऱ्याला माल नकोच होता, त्याला व्हिसासाठी आमंत्रणपत्र हवे होते. चौथ्याने पैसे पाठवल्याची बँकेची पावती धाडली आणि चुकून जास्त रक्कम गेली, फरक परत करा म्हणून तगादा लावला. पावती बनावट होती. मुलीने एकच केले, बँकेत फोन लावला. खात्यात काही जमा नव्हते. पावतीचा फोटो म्हणजे पैसे नव्हेत. पैसे आपल्या बँकेने जमा दाखवले तरच आले.

या चौघांत एक गोष्ट सारखी होती. सगळ्यांना घाई होती आणि मालाविषयी एकाचाही प्रश्न नव्हता. मेलबर्नच्या बाईंशी तुलना करून बघा, फरक लगेच डोळ्यांत भरतो.

पण सगळ्यात जास्त नुकसान ओळखीच्या ग्राहकाच्या वेळी होते. त्याच मोहल्ल्यातील एका कारखानदाराचा ई-मेल कोणीतरी फोडला. त्यांच्या जुन्या ग्राहकाला त्यांच्याच नावाने निरोप गेला की आमचे बँक खाते बदलले आहे, उरलेली रक्कम नव्या खात्यात भरा. ग्राहकाने भरली. पैसे गेले, माल जहाजावर होता आणि दोघेही एकमेकांना दोष देत बसले. तेव्हापासून आमचे नातेवाईक प्रत्येक बिलावर एक ओळ ठळक छापतात: “आमचे बँक खाते ई-मेलने किंवा व्हॉट्सअ‍ॅपने कधीही बदलत नाही. असा निरोप आला तर फोन करून आवाज ऐका.”

फोटोत काय दाखवावे, काय झाकावे

दुकानाची पाटी म्हणजे फोटो. वितळलेले पितळ साच्यात ओततानाचा व्हिडिओ लाखो लोक बघतात, पण त्यांतले खरेदीदार थोडे. या घराच्या अनुभवात चौकशी आणणारे फोटो अगदी साधे असतात. मापपट्टीसह उभा नग, उलटा करून दाखवलेला तळ, खोक्यात बसवलेला नग आणि टेपने बंद केलेला कार्टन. ज्याला माल विकायचा आहे त्याला हेच बघायचे असते. सोबत वजन, उंची, कमीत कमी किती नग आणि किती दिवसांत, एवढे लिहिले की निम्मे ‘प्राइस प्लीज’ तिथेच कमी होतात.

झाकायचे ते ग्राहकाने दिलेले डिझाइन. परदेशी दुकानाने खास बनवून घेतलेला नग त्यांच्या दुकानात येण्याआधी आपल्या इन्स्टाग्रामवर टाकला, तर तो ग्राहक परत येत नाही. खाण्यापिण्याच्या भांड्यांबाबतही जपून लिहावे. पितळेत शिसे असू शकते. आतून कलई केलेली आणि प्रयोगशाळेत तपासलेली नसतील, तर ‘फूड सेफ’ लिहू नये, ‘फक्त शोभेसाठी’ लिहावे. एका खोट्या शब्दाने परत आलेल्या मालाचे भाडे नफा खाऊन टाकते.

आपल्या घरांसाठी

आम्ही परत निघालो तेव्हा मेलबर्नचा माल पॉलिशला होता. बारा-बारा नगांचे बेचाळीस कार्टन, साधारण दोन घनमीटर. पूर्ण कंटेनर भरत नाही, म्हणून इतरांच्या मालासोबत तो मुंद्र्याहून जाणार होता. समुद्राचा प्रवास महिना-सव्वा महिन्याचा, शिवाय सुटीचे दिवस, म्हणून फेब्रुवारीची तारीख पाळायला डिसेंबरच्या मध्यापर्यंत माल निघायलाच हवा होता. बंद असलेल्या दोन भट्ट्यांपैकी एक त्या ऑर्डरवर पेटली होती. दुसरी अजून थंडच होती. एका ऑर्डरने अमेरिकेची जागा भरून निघत नाही, हेही मान्य केले पाहिजे.

आपल्याकडे औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, हिमरू विणणारी थोडी घरे उरली आहेत. बिदरीचे कामही थोडेफार चालते. हिमरूची शाल हलकी असते, टपालाने जाऊ शकते आणि पाच-दहा नगांचीही ऑर्डर परवडू शकते. तिथे हिशेब पितळेपेक्षा वेगळा होईल, पण चाळणी तीच राहील. केंद्र सरकारच्या डीजीएफटीच्या वेबसाइटवर 500 रुपये भरून आयईसी, म्हणजे आयात-निर्यात क्रमांक मिळतो. तो घरबसल्या काढता येतो.

आमच्या वर्गातून दरवर्षी मुली दहावी होऊन बाहेर पडतात. उर्दू, मराठी, हिंदी आणि कामापुरते इंग्रजी त्यांना येते. ज्या घरात हुनर आहे तिथे अशा मुलीच्या हाती एक वही द्या. आलेला प्रत्येक निरोप, त्याची पाच उत्तरे आणि तारीख तिने त्यात लिहावी. तीन महिन्यांनी ती वही उघडून बघा. कोणाला उत्तर द्यायचे आणि कोणासाठी उस्तादांना भट्टीपुढे बसवायचे नाही, हे त्या पानांवरूनच कळू लागेल.